चामड्याचे बूट भिजले, आता पांढरी बुरशी... सिंथेटिक घेऊन टाकू का? (नागपूर)

मनीषनगरचा_मी
नमस्कार मंडळी. ऑफिस सिव्हिल लाइन्सला, घर मनीषनगर, रोज टू-व्हीलर. ऑफिसात काळे फॉर्मल बूट लागतातच, म्हणून मे महिन्यात चांगले चामड्याचे घेतले होते. मागच्या गुरुवारी संध्याकाळी जो पाऊस आला त्यात अंडरपासमधून गाडी काढताना पाय खाली टेकवावा लागला आणि बूट घोट्यापर्यंत पाण्यात. घरी आलो, बूट कूलरसमोर ठेवले, रात्रभर कूलर चालू. सकाळी वरून कोरडे वाटले म्हणून रॅकमध्ये ठेवून दिले आणि दुसरे जुने घालून गेलो. सोमवारी काढले तर जिभेवर आणि आतल्या बाजूला पांढरं पांढरं काहीतरी, वास असा की बायको म्हणे रॅकच बाहेर काढा. घाबरून हेअर ड्रायर मारला तर डाव्या बुटाचा सोल पुढून थोडा उघडला आणि पंज्याजवळचं चामडं कडक झालं, पुठ्ठ्यासारखं. आता प्रश्न दोन आहेत. हे वाचतील का, आणि पावसाळ्यात चामडं सोडून सरळ सिंथेटिक फॉर्मल घ्यावेत का?

गोट्या_बर्डी
भाऊ पावसाळ्यात चप्पल झिंदाबाद. ऑफिसात काय पाय पाहून राहिले का लोकं तुमचे 😄

सुवर्णा_प्रतापनगर
माझ्या मिस्टरांना पण दरवर्षी हाच त्रास, बोटांच्या बेचक्यात पांढरं होतं, खाज सुटते, कातडी निघते. आम्ही कडुनिंबाच्या पाण्याने पाय धुतो आणि रात्री हळद लावतो. तुम्ही पाय पूर्ण कोरडे करूनच मोजे घालत जा, पावडर टाका. लवकर बरं वाटो.

मनीषनगरचा_मी
ताई, बुरशी बुटाला आलीय, पायाला नाही 🙏 अजून तरी.

प्राची_धरमपेठ
बूट फ्रीजरमध्ये ठेवा रात्रभर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. थंडीने बुरशी आणि वासाचे जंतू सगळे मरतात, मी जिमच्या बुटांना करते. आणि कडक झालेल्या चामड्याला खोबरेल तेल चोळा, लोण्यासारखं मऊ होतं. सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवा, दोन दोन टाकल्या की ओल खेचून घेतात. माझा तरी अनुभव चांगला आहे.

अण्णा_हिंगणा
बावीस वर्षं बुटांच्या कारखान्यात फिनिशिंगला होतो, त्यातली शेवटची सात तर कंपलेंट होऊन परत आलेला माल पाहण्यातच गेली, म्हणून लिहितो.

मनीषनगरवाले, आधी एक सांगा. पांढरं म्हणजे नेमकं कसं? कापसासारखं, ठिपक्या ठिपक्यांनी, कुबट वासाचं असेल तर बुरशी. वरून सगळीकडे सारखा पातळ पांढुरका थर असेल, मेणासारखा, आणि जरा कोमट हवा लागली की नाहीसा होत असेल तर ती बुरशी नाही, चामड्यातलीच चरबी वर आलेली असते. तिसरं म्हणजे टाक्यांच्या आणि सोलच्या कडेने पांढऱ्या रेघा, ओल्या कापडाने जातात आणि वाळलं की परत येतात, ते क्षार, घामातले किंवा रस्त्यावरच्या पाण्यातले. तिघांवर उपाय वेगळे आहेत आणि लोकं सरसकट बुरशी म्हणून घासत बसतात.

आणि कूलर चालू होता म्हणालात, पंप चालू होता की बंद?

मनीषनगरचा_मी
कापसासारखंच आहे अण्णा, जिभेच्या आत एका जागी हिरवट पण. कूलरचा पंप... चालूच होता. आपण कूलर लावतो म्हणजे पंप आलाच ना, सवयीने दोन्ही बटणं दाबली.

अण्णा_हिंगणा
तिथंच घोळ झाला. पंप चालू असताना कूलर ओली हवा फेकतो, त्याचं कामच ते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की त्या हवेतसुद्धा काहीही वाळतं, म्हणून आपल्याला ती सवय. जुलैत बाहेरची हवाच ओली, त्यात ताट्या भिजवून मारलेली हवा म्हणजे तुम्ही बूट रात्रभर वाफेत ठेवल्यासारखं झालं. शिवाय खिडकी बंद असेल तर पूर्ण खोली दमट, रॅक त्याच खोलीत असेल तर बाकीचे बूट पण एकदा पाहून घ्या.

तोच कूलर पंप बंद करून चालवा. पहिला पाऊण-एक तास ताट्या वाळू द्या, बूट नंतर ठेवा, खिडकी उघडी ठेवा. एवढा मोठा पंखा घरात दुसरा नाही, बूट वाळवायला त्यासारखं काही नाही.

आता तुमच्या बुटांचं. क्रम असा ठेवा:

बूट घरात झटकू नका, गॅलरीत न्या, तोंडाला रुमाल बांधा, कोरड्या ब्रशने बुरशी काढा, आतून पण. लेस आणि आतला इनसोल काढा, इनसोल फेकून द्या, नवीन जोडी बाजारात स्वस्तात मिळते. मग मेडिकलमध्ये सर्जिकल स्पिरिट मिळतं ते आणि पाणी निम्मं निम्मं, कापड त्यात ओलं करून पिळून पुसा. आधी जिभेच्या खालच्या बाजूला पुसून बघा, रंग भसाभस उतरत असेल तर थांबा. थोडासा काळा कापडाला लागणारच. सॅनिटायझर जेल वापरू नका, चिकट राहते.

त्यानंतर आत वर्तमानपत्र कोंबा, फार घट्ट नाही, आकार राहील इतकं. पहिला कागद दोन तासात बदला, नंतर सकाळ-संध्याकाळ. आणि बूट उभे ठेवू नका, आडवे ठेवा, सोलला पण हवा लागली पाहिजे, सगळं पाणी तिथंच बसलेलं असतं.

प्राची_धरमपेठ
पण फ्रीजर??

अण्णा_हिंगणा
प्राचीताई, फ्रीजरमध्ये बुरशी झोपते, मरत नाही. बाहेर काढलं, गरम झालं, की परत उठते. वास दोन दिवस कमी वाटतो हे खरं आहे, म्हणून लोकांना पटतं. वरून थंड बूट बाहेर काढला की त्याच्यावर दव धरतं, म्हणजे परत ओला.

तेलाचं तुमचं अर्धं बरोबर आहे. चामडं कडक होतं ते ओलं असताना जोरात तापवल्यामुळे. आतले धागे एकमेकांना चिकटून बसतात आणि मधलं तेल राहत नाही, म्हणून ते परत द्यावं लागतं. पण खोबरेल नको, चामडं काळवंडतं आणि दमट हवेत तेच तेल बुरशीचं खाणं. लेदर क्रीम नाहीतर कंडिशनर वापरा, पातळ हाताने, पूर्ण वाळल्यावरच. ओल्यावर लावलं तर आतली ओल आतच कोंडते.

गोट्या_बर्डी
अण्णा पूर्ण वाळलं हे कसं ओळखायचं पण? माणूस तं हात लावूनच पाहते

अण्णा_हिंगणा
हात लावून कळत नाही, चामडं वरून आधी वाळतं. नाकाने थोडं कळतं, आतून गालाला लावलं तर थंड लागतं ते पण कळतं. पण खरं म्हणजे काटा. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर बूट रोज त्याच वेळी तोला, कागद काढून. वजन उतरत असेल तोवर पाणी निघतंय. दोन वेळा सलग सारखं आलं की वाळला. मूळ वजन माहीत नसलं तरी चालतं.

मनीषनगरचा_मी
हे भारी आहे. बायको काटा देणार नाही, पण प्लॅस्टिकची पिशवी घालून करतो.

रायडर_नंदनवन
माझं सांगतो, मी दिवसभर डिलिव्हरी करतो, दहा-बारा तास गाडीवर, मागच्या पावसाळ्यात रेग्झिनचे काळे बूट घेतले होते कारण दुकानदार म्हणाला पाण्याला काही होत नाही, खरंच वरून काही झालं नाही त्यांना पण पाणी वरून पँटवरून मोज्यात आणि मोज्यातून बुटात, आणि मग बाहेर निघायचा रस्ताच नाही, तिसऱ्या आठवड्यात असा वास की लोकं पार्सल घेताना दोन पावलं मागं. आता जाळीचे स्पोर्ट्स शूज वापरतो, पाणी आरपार जातं पण रात्री पंख्याखाली ठेवले की सकाळी घालता येतात. दोन जोड आहेत, आज एक उद्या एक.

अण्णा_हिंगणा
रायडरभाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. लोकं चामडं की सिंथेटिक विचारतात, पण बूट किती लवकर वाळेल हे वरच्या कातडीपेक्षा आतल्या अस्तरावर आणि फोमवर ठरतं. रेग्झिन म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर, त्यातून वाफ जात नाही. आत फोमचं अस्तर असेल तर तो स्पंज पाणी धरून बसतो आणि सुकायला एकच तोंड, वरचं. असा सिंथेटिक फॉर्मल वाळायला चामड्याइतकाच किंवा जास्तच वेळ घेतो, फक्त बाहेरून चकाचक दिसतो म्हणून आपण लगेच घालतो. वास तिथून सुरू होतो. पायाचा घाम स्वतः फारसा वास मारत नाही, त्यावर जंतू वाढतात ते वास करतात, त्यांना ओल आणि ऊब दोन्ही लागते.

चामडं थोडी वाफ बाहेर सोडतं, म्हणून कोरड्या दिवशी त्यात पाय बरा राहतो. पण एकदा पूर्ण भिजलं की दोन दिवस विसरा.

निवांत_गोकुळपेठ
सिंथेटिकचा अजून एक किस्सा. पुण्याला भाचीच्या लग्नासाठी म्हणून घेतलेले बूट, नंतर तीन वर्षं डब्यात, कागदात गुंडाळून, अगदी नवेकोरे. परवा साखरपुड्याला घातले आणि हॉलमध्ये मागे वळून बघतो तर माझ्या मागे काळ्या चुऱ्याची रांग. सोलचा भुगा होत होता, चालता चालता. शेवटी मेहुण्याच्या चपला घालून जेवलो. एकदाही पावसात नेले नव्हते हो!

अण्णा_हिंगणा
पीयू सोल असणार, म्हणजे पॉलियुरेथेन, फोमसारखं हलकं प्लॅस्टिक. हवेतली ओल हळूहळू त्याच्या रेणूंची साखळी तोडते, घातले नाहीत तरी. उलट डब्यात बंद पडून राहिलेले जास्त लवकर जातात, कारण तिथली ओल निघून जात नाही. अंगठ्याने दाबून बघा, नख रुतत असेल किंवा चिकट लागत असेल तर लग्नाला नेऊ नका. रबर किंवा टीपीआर, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकच्या सोलला हे होत नाही, फक्त जरा जड असतात. सोलवर कधी कधी पीयू असं छापलेलं असतं, घेताना उलटून पाहा.

सुवर्णा_प्रतापनगर
मग पायाच्या चिखल्यांचं काय ते पण सांगा ना कोणीतरी. तेच बूट रोज घातले तर परत होतात का?

औषधवाला_सदर
ताई होतात. मोज्यात आणि इनसोलमध्ये ते राहतं, म्हणून पाय बरा झाला तरी पंधरा दिवसांनी परत. मोजे गरम पाण्यात धुवा, इनसोल बदला. क्लोट्रिमाझोलचं साधं मलम लोकं खाज थांबली की बंद करतात, तसं नाही, बरं दिसायला लागल्यावरही थोडे दिवस लावायचं असतं. आणि माझ्या दुकानात रोजचं भांडण, लोकं स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मागतात कारण दोन दिवसात खाज जाते. जाते, आणि खाली बुरशी पसरत राहते. मिस्टरांना शुगर असेल तर घरगुती करत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

सुवर्णा_प्रतापनगर
शुगर आहे त्यांना. दाखवते. आणि त्यांची तशीच एक ट्यूब आहे घरी, बघते नाव.

मनीषनगरचा_मी
मंडळी, अपडेट. काल रात्री स्पिरिटने पुसलं, जिभेखाली तपासून, थोडा रंग लागला पण चालण्यासारखा. इनसोल उचलला तर खाली पण हिरवी बुरशी, वरून काहीच दिसत नव्हतं. मग तोलला. लक्षात घ्या, भिजून पाच दिवस झालेत आणि हाताला बूट कोरडा लागत होता.

डावा, मंगळवार रात्री: ५१२ ग्रॅम
बुधवार सकाळ: ४८९
बुधवार रात्र: ४७८

कूलर पंप बंद करून, बूट आडवे, कागद तीनदा बदलला, पहिला कागद हाताला चिंब लागला. पुसताना किती पाणी गेलं असेल? फार तर दोन-चार ग्रॅम. म्हणजे हे आधीचंच पाणी.

प्राची_धरमपेठ
बाप रे. मग सिलिका पुड्या टाका ना आता तरी.

अण्णा_हिंगणा
हिशोब करून बघा. पुडी साधारण ५ ग्रॅमची असते, ती फार तर स्वतःच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी पिते, म्हणजे दीड-पावणेदोन ग्रॅम. ह्यांच्या बुटातून एका दिवसात ३४ ग्रॅम निघालं, म्हणजे वीसेक पुड्या एका बुटाला. आणि उघड्यावर ठेवली तर ती बुटाआधी खोलीतलीच ओल पिऊन बसते. पुडीचं काम वाळल्यानंतरचं, बंद डब्यात. तेही ताज्या पुड्या, गेल्या वर्षीच्या नको.

कऱ्हाडकर_हल्ली_नागपुरात
माझ्याकडे खऱ्या कोल्हापुरी आहेत, त्यांना पण हेच सगळं लागू का? एकदा भिजल्या तर फुगून दीडपट झाल्या होत्या.

अण्णा_हिंगणा
कोल्हापुरी पावसात नेऊच नका. ते चामडं बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावलेलं असतं, पाणी पटकन पितं, आणि ओलं असताना उष्णता अजिबात सोसत नाही, आकसून वाकडं होतं. भिजल्या तर सपाट ठेवून, वर वजन ठेवून, सावलीत. हेअर ड्रायर तर विसराच. ह्यांच्या बुटाचं चामडं बहुतेक क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असणार, ते उष्णता जास्त सोसतं, म्हणून निभावलं.

गोट्या_बर्डी
आणि उन्हात? उघाड पडली की आपल्याकडे ऊन कसलं पडते, तासाभरात वाळतील

अण्णा_हिंगणा
जाळीचे बूट, मोजे, काढलेले इनसोल खुशाल ठेवा, वास पण कमी होतो. चामडं नको. चिकटवलेला सोल असेल तर तो पण नको, गोंद गरम झाला की मऊ पडतो. मनीषनगरवाल्यांचा सोल ड्रायरनेच उघडला ना.

बेकिंग_वहिनी
खायचा सोडा कोणीच सांगितला नाही! रात्री बुटात भुरभुरायचा, सकाळी झटकायचा, वास गायब. दहा वर्षं करतेय.

रायडर_नंदनवन
वहिनी मी केलं, जाळीच्या बुटात ठीक आहे पण पाय भिजला की सोड्याचा लगदा होतो आणि पायाची आग होते. जुन्या मोज्यात भरून गाठ मारून ठेवतो आता.

बेकिंग_वहिनी
आमच्याकडे नाही होत आग. तुमचा सोडा जास्त होत असेल.

मनीषनगरचा_मी
गुरुवार सकाळ ४७१, रात्र ४६९, शुक्रवार सकाळ परत ४६९. म्हणजे वाळला. ४३ ग्रॅम पाणी होतं त्या "कोरड्या" बुटात. वास ऐंशी टक्के गेला, नाक घातलं तरच येतो. क्रीम दोनदा लावलं, पंजा बराच नरम झाला पण वाकतो तिथे एक बारीक चीर आहे ती तशीच.

आता ऑफिसचं असं ठरवलंय की येता-जाता पावसाळी फ्लोटर्स, बूट ऑफिसात. अण्णा, ड्रॉवरमध्ये ठेवले तर चालतील?

अण्णा_हिंगणा
दिवसभर घातलेला बूट संध्याकाळी लगेच ड्रॉवरमध्ये कोंडू नका, घामाची ओल असतेच. टेबलाखाली उघडे ठेवा, लेस सैल करून. साहेब ओरडले तर माझं नाव सांगा. चीर भरून येत नाही, तिथे दर आठवड्याला बोटाने मेणाचं पॉलिश दाबत राहा, पाणी शिरणार नाही इतकं होतं. डबीतलं पॉलिश, स्पंजवालं लिक्विड नाही, ते नुसतं चमकतं.

मनीषनगरचा_मी
सोलचं पण सांगतो. बर्डीवर चप्पल शिवणाऱ्या काकांकडे मंगळवारी ओलाच घेऊन गेलो होतो, त्यांनी बोट आत घालून पाहिलं आणि परत दिला, "ओल्यावर सोल्यूशन धरत नाही, सुकवून आणा." आज नेला. त्यांनी जुना गोंद खरवडला, कानशीने दोन्हीकडे खरखरीत केलं, सोल्यूशन लावून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, बोटाला तार सुटेनाशी झाल्यावर हातोडीने बसवला. आता म्हणतात बाजूने शिलाई पण मारून देतो, परत उघडणार नाही. मारू का?

अण्णा_हिंगणा
मी नाही मारणार. पातळ सोलला सुईची भोकं म्हणजे पाण्याला तेवढी दारं. नीट चिकटवलेला पुरतो.

रायडर_नंदनवन
अण्णा माफ करा पण मी शिलाई मारलेलेच दोन पावसाळे काढलेत, नुसते चिकटवलेले महिन्यात तोंड उघडतात, गाडी थांबवताना पंजा घासतो ना आमचा. धाग्याला मेण लावून घ्या म्हणावं.

अण्णा_हिंगणा
तुमचा सोल जाड असेल. ह्यांचा फॉर्मल आहे.

मनीषनगरचा_मी
डाव्याला नुसतं चिकटवून घेतलंय, शिलाई नाही. उजव्याची पण कड जरा सैल वाटतेय, त्याला काका मेणाच्या धाग्याने शिलाई मारून देतायत. पोळ्याला दोन्हींचे फोटो टाकतो.

गोट्या_बर्डी
तोवर मी चप्पलवरच आहो